‘जरी’च्या पुढे काय? परिच्छेदापासून वैचारिक निबंधापर्यंतची वाट

न्यूयॉर्क शहराच्या स्टेटन आयलंड भागात न्यू डॉर्प हायस्कूल नावाची सरकारी शाळा आहे. पंधरा-वीस वर्षांपूर्वी या शाळेची अवस्था बेताचीच होती. दहातली जेमतेम सहा मुले शिक्षण पूर्ण करून बाहेर पडत. मुख्याध्यापिका डिअर्ड्र डीअँजेलिस यांनी शिक्षकांना एक काम लावून दिले: ही मुले नेमकी कुठे अडतात ते शोधा. गणितात, इतिहासात, विज्ञानात अडतात हे सगळ्यांनाच माहीत होते. पण त्या सगळ्याच्या मुळाशी काय आहे, ते हवे होते.

शोध घेताना एका शिक्षिकेने अगदी छोटी चाचणी घेतली. वर्गात जॉन स्टाइनबेकची ‘ऑफ माइस अँड मेन’ ही कादंबरी वाचून झाली होती. मुलांना तिने ‘जरी जॉर्ज’ अशा अर्थाची सुरुवात दिली आणि वाक्य पुरे करायला सांगितले. जॉर्जने जरी खूप कष्ट केले तरी त्याचे स्वप्न पुरे झाले नाही, अशा धर्तीचे काहीतरी येईल ही अपेक्षा. एका मुलाने लिहिले: जरी जॉर्ज आणि लेनी मित्र होते. आणि पुढे पूर्णविराम.

मराठी वाचकाच्या कानाला हे वाक्य लगेच खटकते. ‘जरी’ आला म्हणजे ‘तरी’ यायला हवा. त्या मुलाला दोघांची मैत्री माहीत होती, शेवटी काय घडले तेही माहीत होते. पण या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध काय, हे त्याला लिहून सांगता येत नव्हते. शाळेतल्या शिक्षकांना पुढे हेच जागोजागी दिसू लागले. कच्च्या मुलांच्या उत्तरांत सुटी सुटी, आखूड वाक्ये होती. ‘कारण’, ‘मात्र’, ‘असे असूनही’ असे सांधे जवळजवळ नव्हतेच. ज्यांना दोन वाक्ये सांधता येत नाहीत, त्यांच्याकडून शाळा पाच परिच्छेदांच्या निबंधाची अपेक्षा करत होती.

त्यानंतर शाळेने ज्युडिथ हॉकमन यांची पद्धत स्वीकारली. हॉकमनबाईंनी न्यूयॉर्कजवळच्या व्हाइट प्लेन्स इथल्या विंडवर्ड या, अध्ययन-अक्षमता असलेल्या मुलांच्या शाळेत ती घडवली होती. पद्धतीचा गाभा साधा आहे: आधी वाक्य, मग परिच्छेद, मग दोन परिच्छेद आणि सगळ्यात शेवटी बाजू मांडणारा निबंध. प्रत्येक पायरीवर मुलांच्या हातात काही अर्धी वाक्ये द्यायची आणि ती पायरी जमली की तो आधार काढून घ्यायचा. हे एकट्या भाषेच्या तासाला नाही, तर इतिहासाच्या आणि विज्ञानाच्या तासालाही करायचे. पेग टायर या पत्रकार महिलेने २०१२मध्ये ‘द अटलांटिक’ मासिकात या शाळेवर लेख लिहिला. तिथे दिलेल्या आकड्यांनुसार राज्याच्या इंग्रजीच्या परीक्षेत उत्तीर्ण होणाऱ्यांचे प्रमाण २००९मध्ये ६७ टक्के होते, ते २०११मध्ये ८९ टक्क्यांवर गेले. एकाच शाळेचे हे आकडे आहेत आणि एका कारणाने ते वाढले असे छातीठोकपणे म्हणता येत नाही. पण मुले अडतात ती जागा त्या शाळेला सापडली होती, यात शंका नाही.

ही जागा मराठी माध्यमाच्या शाळांनाही परकी नाही. दहावीच्या मराठीच्या प्रश्नपत्रिकेत प्रसंगलेखन आणि आत्मकथनाच्या शेजारी वैचारिक लेखनाचा पर्याय असतो. फुलाचे किंवा फाटक्या पुस्तकाचे आत्मकथन पाठ करून जाता येते. वैचारिक लेखनात मात्र एक बाजू घ्यावी लागते, तिची कारणे द्यावी लागतात आणि समोरच्याचे म्हणणे खोडावे किंवा मान्य करावे लागते. ते कसे करायचे, हे पायरीपायरीने शिकवण्याचा प्रसंग मात्र बहुतेक वर्गांत येत नाही. विषय फळ्यावर लिहिला जातो, चार मुद्दे सांगितले जातात आणि ‘आता मुद्द्यांचा विस्तार करा’ म्हणून तास संपतो.

आधार आणि तो काढण्याची वेळ

शिकणाऱ्याला दिलेल्या अशा तात्पुरत्या मदतीला इंग्रजीत इमारतीच्या परांचीचे नाव आहे. ते शिक्षणशास्त्रात रूढ झाले डेव्हिड वुड, जेरोम ब्रूनर आणि गेल रॉस यांच्या १९७६च्या निबंधामुळे. त्यांनी तीन ते पाच वर्षांच्या मुलांना लाकडी ठोकळे जोडून मनोरा करायला दिला आणि शिकवणारी व्यक्ती कुठे हात देते, कुठे हात मागे घेते, याची बारकाईने नोंद केली. त्यातली एक गोष्ट लेखनालाही लागू पडते. चांगला शिक्षक अख्खे काम सोपे करत नाही. कामाचा एक भाग तो स्वतः धरून ठेवतो, म्हणजे मुलाला उरलेल्या भागाकडे पूर्ण लक्ष देता येते. मुलाला जमू लागले की धरलेला भाग तो सोडून देतो.

वाक्याची तयार सुरुवात हेच करते. ‘असे असले तरी…’ एवढे शब्द हातात पडले की मुलाला वाक्याचा घाट शोधावा लागत नाही. पण एक बंधन येते. आता आधीच्या विधानाला छेद देणारे काहीतरी शोधावेच लागते. वाटेल ते लिहून चालत नाही. सुरुवातीची खरी किंमत या बंधनात आहे. ‘आजच्या आधुनिक युगात…’ ही सुद्धा सुरुवातच आहे, पण ती लिहिणाऱ्यावर कसलेच बंधन घालत नाही. तिच्यापुढे काहीही खपते, म्हणून ती मदत म्हणून निरुपयोगी ठरते.

मराठीत आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. इंग्रजीतली जोडणारी पदे बहुधा वाक्याच्या किंवा उपवाक्याच्या आरंभी बसतात, त्यामुळे तिथे सुरुवातींची यादी दिली की भागते. मराठीत संबंध दाखवणारे शब्द बऱ्याचदा मध्ये किंवा उपवाक्याच्या शेवटी येतात: ‘पाऊस असूनही’, ‘जागा नसल्यामुळे’, ‘उशीर झाला म्हणून’. काही जोडीनेच येतात: जरी–तरी, जर–तर, जितके–तितके. म्हणून मराठी वर्गात निव्वळ सुरुवाती न देता रिकाम्या जागांच्या चौकटी द्याव्यात. ‘________ असूनही ________’ अशी चौकट मुलाकडून दोन्ही अंगे भरून घेते. इंग्रजी तक्त्याचे भाषांतर करून भिंतीवर लावले, तर ‘तथापि’ने सुरू होणारी बोजड वाक्ये तेवढी हाती लागतात.

पहिली पायरी: एकाच विधानाला तीन शेपट्या

ही वाट प्रत्यक्षात कशी चालायची, ते एका विषयावर पाहू. फेब्रुवारी २०२४मध्ये महाराष्ट्र शासनाने चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊ वाजता किंवा त्यानंतर भरवण्याचा निर्णय काढला. मुलांची झोप पुरी होत नाही, हे त्यामागचे मुख्य कारण होते. निर्णयावर बऱ्याच शाळा, पालक आणि स्कूलबसवाले नाराज झाले. नववीच्या वर्गासाठी हा विषय उत्तम आहे. दोन्ही बाजूंना दम आहे, आणि घरी धाकटे भावंड असलेल्या प्रत्येकाकडे सांगण्यासारखे काही ना काही असते.

पहिल्या दिवशी निबंधाचे नावही काढायचे नाही. फळ्यावर एकच विधान लिहायचे: ‘लहान मुलांची शाळा सकाळी सातला भरते…’ आणि ते तीन प्रकारे पुरे करायला सांगायचे: ‘कारण’ घालून, ‘पण’ घालून आणि ‘म्हणून’ घालून. हॉकमन यांच्या पद्धतीतला हा सर्वांत प्रसिद्ध व्यायाम आहे आणि मराठीत तो जसाच्या तसा चालतो.

लहान मुलांची शाळा सकाळी सातला भरते, कारण त्याच वर्गखोल्यांत दुपारी मोठ्या मुलांचे वर्ग भरतात.

लहान मुलांची शाळा सकाळी सातला भरते, पण रात्री घरातली जेवणेच साडेनऊच्या आत होत नाहीत.

लहान मुलांची शाळा सकाळी सातला भरते, म्हणून त्यांना पावणेसहाला उठवावे लागते.

विधान एकच, पण पहिल्या वाक्याने शाळेच्या अडचणीकडे बोट दाखवले, दुसऱ्याने घरच्या दिनक्रमाशी होणारी ओढाताण पुढे आणली आणि तिसऱ्याने परिणाम सांगितला. निबंधाचा अर्धा कच्चा माल इथेच जमा होतो. चूकही इथेच पकडता येते. एखादा मुलगा लिहितो, ‘शाळा सातला भरते, म्हणून शिक्षण महत्त्वाचे आहे.’ शिक्षकाने एवढेच विचारायचे: शाळा नऊला भरली असती तर शिक्षण महत्त्वाचे राहिले नसते का? ‘म्हणून’ने जोडलेल्या दोन गोष्टींतली पहिली काढून टाकली आणि दुसरी जागची हलली नाही, तर तो ‘म्हणून’ खोटा आहे. ही कसोटी मुले दोन-तीन तासांत स्वतः वापरू लागतात आणि शेजारच्याच्या वहीवर जास्त आवडीने वापरतात.

अमेरिकेत स्टीव्ह ग्रॅहम आणि डोलोरेस पेरिन यांनी २००७मध्ये चौथी ते बारावीच्या लेखन-शिक्षणावरच्या अनेक प्रयोगांचा एकत्र आढावा घेतला. सुटी वाक्ये सांधून मोठे वाक्य करण्याच्या सरावाचा मुलांच्या लेखनाला चांगला उपयोग होतो असे त्यात आढळले. व्याकरणाचे नियम नुसते वेगळे शिकवल्याने मात्र लेखन सुधारले नाही. तेव्हा संयुक्त आणि मिश्र वाक्याच्या व्याख्या पाठ करून घेण्यापेक्षा हा वाक्यांचा खेळ पंधरवडाभर खेळणे फायद्याचे.

दुसरी पायरी: एकच परिच्छेद, पण सांधलेला

आता परिच्छेद. साधारणपणे पहिल्या प्रयत्नात नववीची मुले असे काहीतरी लिहितात:

‘आजच्या धकाधकीच्या युगात शिक्षणाला अनन्यसाधारण महत्त्व आहे. मुले ही राष्ट्राची संपत्ती आहेत. सकाळी लवकर शाळा असल्याने मुलांची झोप होत नाही. झोप ही आरोग्यासाठी अत्यंत आवश्यक आहे. म्हणून शाळा उशिरा भरली पाहिजे.’

शुद्धलेखन ठीक आहे, वाक्येही बरी आहेत. पण पाचपैकी पहिली दोन वाक्ये कोणत्याही निबंधात चिकटवता येतील. तिसरे वाक्य नुसता दावा करते, त्याला पुरावा नाही. आणि झोप आवश्यक आहे एवढ्यावरून शाळेची वेळ बदलावी हे सिद्ध होत नाही. कोणीही म्हणेल, मग मुलांना रात्री लवकर झोपवा की!

या जागेला तर्कशास्त्रात नाव आहे. स्टीफन टूलमिन या इंग्रज तत्त्वज्ञाने १९५८च्या आपल्या पुस्तकात युक्तिवादाचे भाग वेगळे करून दाखवले. त्यातले तीन शाळेत पुरतात: दावा, पुरावा आणि पुराव्यापासून दाव्यापर्यंत नेणारा दुवा. मुले दावा करतात, कधीमधी पुरावाही देतात. दुवा मात्र जवळजवळ नेहमी गाळतात, कारण तो त्यांना उघडच वाटतो. म्हणून परिच्छेदाच्या चौकटीत दुव्यासाठी स्वतंत्र सुरुवात ठेवावी लागते. चौकट अशी:

माझ्या मते ________, कारण ________.
________ यांच्या म्हणण्यानुसार ________. / उदाहरणार्थ, ________.
म्हणजे ________.
यावरून दिसते, की ________.

चौकट देण्याआधी मुलांच्या हातात माहिती पडली पाहिजे. ज्या विषयाची काहीच माहिती नाही, त्यावर चौकटी कितीही दिल्या तरी त्या भरणार कशाने? एक पानभर टिपण पुरते: शासनाचा निर्णय काय, विरोध कोणाचा आणि का, झोपेबद्दल तज्ज्ञ काय म्हणतात. अमेरिकेतल्या निद्रावैद्यकाच्या संस्थेने २०१६मध्ये ६ ते १२ वर्षांच्या मुलांना चोवीस तासांत ९ ते १२ तास झोप हवी असे सांगितले. एवढा एक आकडा आणि घरातले घड्याळ यांवर चांगला परिच्छेद उभा राहतो:

‘माझ्या मते चौथीपर्यंतची शाळा नऊच्या आत भरवू नये, कारण सातच्या शाळेमुळे मुलांची झोप अपुरी राहते. तज्ज्ञांच्या म्हणण्यानुसार या वयात निदान नऊ तास झोप हवी. माझा भाऊ पावणेसहाला उठतो, म्हणजे त्याने रात्री पावणेनऊला झोपायला हवे. पण बाबा कामावरून साडेआठला येतात आणि आमची जेवणे साडेनऊला होतात. यावरून दिसते, की मुलांना लवकर झोपवा असे सांगून प्रश्न सुटणार नाही. जेवणाची वेळ बाबांच्या नोकरीवर ठरते, ती आमच्या हातात नाही. शाळेची वेळ बदलणे मात्र शाळेच्या हातात आहे.’

शेवटची दोन वाक्ये म्हणजे दुवा. ‘मग लवकर झोपवा’ या शंकेला त्यांनी आधीच उत्तर दिले. पहिल्या परिच्छेदापेक्षा हा जड शब्दांत लिहिलेला नाही, उलट साधाच आहे. फरक इतकाच, की यातले एक वाक्य काढले तर पुढचे लंगडे पडते.

हा परिच्छेद मुलांनी एकट्याने लिहिण्याआधी एकदा वर्गाने मिळून फळ्यावर लिहावा. ऑस्ट्रेलियात सिडनीच्या शाळांत जोन रॉदरी आणि जे. आर. मार्टिन यांनी १९८०च्या दशकात रुजवलेल्या पद्धतीत हीच मधली पायरी आहे: आधी नमुना उलगडून पाहायचा, मग शिक्षक आणि मुलांनी मिळून लिहायचे, मग ज्याने त्याने स्वतः. मिळून लिहिताना शिक्षक खडू हातात धरतो, पण वाक्ये मुलांची घेतो आणि मोठ्याने खोडतो: ‘हे वाक्य इथे का नको? कारण याने आपला मुद्दा पुढे सरकत नाही.’ लिहिलेले खोडायचे असते, ही गोष्ट पुष्कळ मुले इथे पहिल्यांदा पाहतात.

तिसरी पायरी: दुसरा परिच्छेद आणि पुराव्याची पारख

एक परिच्छेद जमला की त्याच बाजूचा दुसरा मुद्दा घ्यायचा. इथे नवे काम एकच: दोन परिच्छेदांमधला सांधा. ‘तसेच’, ‘शिवाय’, ‘दुसरा मुद्दा म्हणजे’ या सुरुवाती चालतात, पण त्या नुसती भर घालतात. त्यापेक्षा मागच्या परिच्छेदाचा पदर पुढच्यात ओढून घेणारी चौकट जास्त कामाची: ‘प्रश्न केवळ ________चा नाही, ________ही तितकेच महत्त्वाचे आहे, कारण ________.’ उदाहरणार्थ, ‘प्रश्न केवळ झोपेचा नाही, सकाळच्या खाण्याचाही आहे, कारण सहा वाजता मुलांच्या घशाखाली घास उतरत नाही.’

याच टप्प्यावर पुराव्याची पारख शिकवायची संधी मिळते. शोधाशोध करणाऱ्या एखाद्या मुलीला अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेची २०१४ची शिफारस सापडते: शाळा सकाळी साडेआठच्या आत भरवू नयेत. ती आनंदाने परिच्छेदात घालते. पण ती शिफारस माध्यमिक शाळांबद्दल आहे. वयात येणाऱ्या मुलांचे झोपेचे घड्याळ पुढे सरकते, त्यांना रात्री लवकर झोपच येत नाही, हा तिचा आधार. सात वर्षांच्या मुलाला तो जसाच्या तसा लागू होत नाही. पुरावा खरा आहे, पण दुसऱ्याच दाव्याचा आहे. अशा वेळी शिक्षकाने नुसती लाल रेघ न मारता चौकट द्यावी: ‘ही शिफारस ________ वयाच्या मुलांबद्दल आहे, आपल्या विषयात ती ________ एवढ्यापुरतीच लागू होते.’ मग ती मुलगी एकतर पुरावा गाळते किंवा नवा प्रश्न विचारते: मग आम्हा नववीच्या मुलांची शाळा सातला का?

चौथी पायरी: पूर्वपक्ष

समोरच्याचे म्हणणे मांडणे ही सगळ्यांत अवघड पायरी. ती आपल्याकडे नवी नाही. मीमांसेच्या आणि इतर शास्त्रांच्या ग्रंथांत आधी पूर्वपक्ष, म्हणजे विरुद्ध मत, मांडून मग उत्तरपक्ष मांडण्याची रीत शतकानुशतकांची आहे. वर्गात मात्र पूर्वपक्ष असा लिहिला जातो: ‘काही लोक म्हणतात की शाळा लवकर भरावी, पण ते चुकीचे आहे.’ हे लोक कोण आणि ते तसे का म्हणतात, याचा पत्ता नाही.

इथल्या चौकटीत म्हणून तीन घरे हवीत आणि मधले घर सक्तीचे:

________ यांचे म्हणणे असे, की ________.
यात तथ्य आहे, कारण ________.
असे असले तरी ________.

मधले घर भरायला मुले कुरकुरतात. आपलीच बाजू कमकुवत होते, असे त्यांना वाटते. पण तेच घर निबंधाचा कस वाढवते. शाळेच्या वेळेबद्दल पालकांचे म्हणणे घ्या. आई-वडील दोघेही आठला कामावर निघणार असतील, तर नऊच्या शाळेत मूल पोहोचवणार कोण? शाळांची अडचण याहून कठीण आहे. एकाच इमारतीत दोन सत्रे भरत असतील, तर सकाळचे सत्र नऊला सुरू करून दुपारचे कधी संपवायचे? विद्यार्थिनी हे लिहिते:

‘दोन सत्रांत चालणाऱ्या शाळांचे म्हणणे असे, की सकाळचे वर्ग नऊला सुरू केले तर दुपारच्या मुलांना घरी जायला रात्र होईल. यात तथ्य आहे, कारण वर्गखोल्या वाढवल्याशिवाय दोन्ही सत्रे एकाच वेळी भरवता येत नाहीत. असे असले तरी, लहान मुलांना दुपारच्या सत्रात आणि मोठ्यांना सकाळच्या सत्रात बसवून पाहता येईल.’

आणि मग ती थांबते. आपल्या पहिल्या वाक्याकडे परत जाते. तिथे तिने सरसकट लिहिले होते, ‘चौथीपर्यंतची शाळा नऊच्या आत भरवू नये.’ आता ती ते बदलते: ‘ज्या शाळा एकाच सत्रात भरतात, त्यांनी निदान चौथीपर्यंतचे वर्ग नऊच्या आत भरवू नयेत, दोन सत्रांच्या शाळांनी सत्रांची अदलाबदल करून पाहावी.’ समोरच्याच्या म्हणण्याने तिचा दावा आकसला, पण टिकाऊ झाला. पूर्वपक्ष लिहूनही दाव्यातला एकही शब्द हलला नाही, तर तो पूर्वपक्ष बहुधा दिखाऊ असतो. तपासण्याची सोपी युक्ती अशी: तेवढाच परिच्छेद त्या मताच्या माणसाला वाचून दाखवायचा. स्कूलबसचा चालक किंवा शेजारच्या काकू ‘हो, मला हेच म्हणायचे आहे’ म्हणाल्या तर तो उतरला. त्या चिडल्या, तर पुन्हा लिहायचा.

पाचवी पायरी: आरंभ आणि शेवट सगळ्यांत शेवटी

आता दोन मुद्द्यांचे परिच्छेद आणि एक पूर्वपक्ष हातात आहे. निबंध जवळजवळ झाला. प्रस्तावना आणि समारोप आत्ता लिहायचे, आधी नाही. आपल्याला काय म्हणायचे आहे हे ठरण्याआधी प्रस्तावना लिहायला बसवले, की मुले ‘धकाधकीच्या युगा’त शिरतात, कारण त्यांच्यापाशी दुसरे काही नसते. दावा पक्का झालेला असला, की तीन वाक्ये पुरतात: प्रश्न काय, तो आत्ता का उठला आणि लिहिणाऱ्याची बाजू कोणती. समारोपात मुद्दे पुन्हा मोजून दाखवायचे नाहीत. तिथली चौकट आहे: ‘हे मान्य केले, तर आता ________ने ________ करायला हवे.’ करणारा कोण हे लिहावेच लागते. शाळा व्यवस्थापन, शिक्षणाधिकारी की पालक सभा, हे ठरवताना आधीचा ढिलेपणा उघडा पडतो.

हा सगळा प्रवास आठवड्याला दोन तास दिले तर एका सत्रात बसतो. पहिल्या दोन पायऱ्यांना निम्म्याहून जास्त वेळ द्यावा. तिथे घाई केली तर पुढच्या पायऱ्यांवर मुले पुन्हा सुट्या वाक्यांवर येतात.

चौकटीच पिंजरा होतात तेव्हा

या पद्धतीवर आक्षेप आहेत आणि ते पोकळ नाहीत. अमेरिकेतले लेखन-शिक्षक जॉन वॉर्नर यांनी २०१८च्या पुस्तकात पाच परिच्छेदांच्या साचेबंद निबंधावर कडक टीका केली. मुले साचा भरायला शिकतात, लिहायला नाही, असे त्यांचे म्हणणे. इंग्लंडमध्ये एक्सेटर विद्यापीठातल्या मॉरीन लुईस आणि डेव्हिड रे यांनी १९९०च्या दशकात लेखनाच्या चौकटी लोकप्रिय केल्या. मुलाला आधार नकोसा झाला की चौकट बाजूला ठेवायची, ही त्यांची अट होती. वर्गात नेमकी हीच अट विसरली जाते. चौकटींचा तक्ता भिंतीवर जातो आणि वर्षभर तिथेच राहतो. चाळीस वह्यांत चाळीस वेळा ‘यावरून दिसते, की’ येते आणि परीक्षकाला निबंध न वाचताही कळतो.

म्हणून काढण्याचाही क्रम ठरलेला हवा. दाव्याची सुरुवात सर्वांत आधी काढावी; ‘माझ्या मते’ न लिहिताही मत मांडता येते, हे मुलांना लवकर कळते. मग पुराव्याची. दुव्याची आणि पूर्वपक्षाची चौकट सर्वांत शेवटी जाते, कारण तीच सर्वांत अवघड. सगळ्या वर्गाची चौकट एकाच दिवशी काढू नये. ज्याला नको त्याच्याकडून आधी घ्यावी, ज्याला हवी त्याच्यापाशी महिनाभर आणखी राहू द्यावी.

आधार काढायची वेळ झाली की नाही, हे ओळखण्याची एक खूण आहे. मुलाच्या परिच्छेदातली चौकटीची पदे खडूने झाकायची आणि उरलेले वाचायचे. ‘यावरून दिसते, की’ झाकूनही मागच्या वाक्यातून पुढचे निघते असे वाटले, तर संबंध विचारात आहे आणि शब्दांची गरज संपली. झाकताच वाक्ये विस्कटली, तर मुलाने रिकामी जागा भरली होती, विचार केला नव्हता. अशा वेळी पहिल्या पायरीवर, ‘कारण–पण–म्हणून’वर परत यावे. त्यात कमीपणा मानू नये.

साठ मुलांच्या वर्गात हे जमेल का, असा शिक्षकांचा रास्त प्रश्न असतो. साठ निबंध तपासणे खरोखरच जमत नाही, आणि म्हणूनच बहुतेक वह्यांवर सही आणि तारीख एवढेच उमटते. पण या वाटेवर पहिले सहा-सात आठवडे तपासायला निबंध नसतोच. कधी तीन वाक्ये असतात, कधी एक परिच्छेद, आणि त्यातही शिक्षकाने त्या दिवशीचा एकच सांधा पाहायचा असतो: आज ‘म्हणून’ खरा आहे का, उद्या दुवा आहे का. बाकीच्या चुका त्या दिवशी सोडून द्याव्यात. मराठीच्या शिक्षकांनी पुढच्या सत्रात वैचारिक लेखनाचा विषय फळ्यावर लिहिण्याआधी निदान दोन आठवडे या तीन शेपट्यांना द्यावेत आणि इतिहास-विज्ञानाच्या सहकाऱ्यांनाही त्यात ओढावे. पाऊस कमी पडला, पण पीक आले, का आले? हा प्रश्न भूगोलाच्या तासालाही तितकाच चांगला विचारता येतो.